२१ जूनची पुण्यातली सावली: दोन भावंडांचा वाद

*प्रश्न: शाळेच्या हस्तलिखितासाठी एक छोटा संवाद हवा आहे. दोन आते-मामे भावंडं प्रश्नमंजुषेतल्या एका फसव्या पर्यायावरून भांडतात आणि उत्तरसूची न उघडता, नुसता विचार करून वाद मिटवतात. प्रश्न कोणता घेऊ? आणि वाद खरंच तर्काने मिटला असं वाटायला काय करू? मी सातवी-आठवीला भूगोल शिकवते.*

सावलीचा प्रश्न घ्या. मी बावीस वर्षं भूगोल शिकवला आणि शालेय स्पर्धांसाठी प्रश्नही काढत आलो. या एका प्रश्नाइतका चांगला वाद मी वर्गात दुसऱ्या कशावरून होताना पाहिलेला नाही. वाद मिटवायला लागणारी प्रत्येक गोष्ट सातवीच्या मुलाला आधीपासून ठाऊक असते, फक्त ती तुकड्यातुकड्यांत असते. प्रश्न असा:

२१ जून रोजी स्थानिक मध्यान्ही पुण्यात सपाट जमिनीवर ताठ उभ्या केलेल्या काठीची सावली (अ) उत्तरेला पडेल, (ब) दक्षिणेला पडेल, (क) पडणारच नाही, (ड) पूर्वेला पडेल.

(ड) लगेच गळतो, कारण मध्यान्ही सूर्य पूर्वेलाही नसतो आणि पश्चिमेलाही नसतो. बाकीची बहुतेक मुलं (क) निवडतात आणि थोडी हुशार मुलं (अ). (ब) हा जागा भरायला टाकलेला पर्याय आहे असं सगळ्यांना वाटतं. बरोबर उत्तर मात्र तेच आहे, आणि तुमच्या संवादाचा जीव यातच आहे. एक भावंड बरोबर आणि दुसरं चूक, असं ठेवू नका. दोघांनाही चूक ठेवा. मी तो संवाद साधारण असा लिहीन.

(मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नागपूरचा ओंकार सुट्टीत मामाकडे पुण्याला आला आहे. मामेबहीण सायली त्याच्याहून वर्षाने मोठी. दोघांच्या मध्ये प्रश्नपत्रिका आणि भारताचा नकाशा.)

ओंकार: (क). पडणारच नाही. २१ जूनला सूर्य डोक्यावर असतो, पुस्तकातच लिहिलंय.

सायली: पुस्तकात "कर्कवृत्तावर" लिहिलंय, पुण्यावर नाही. मी (अ) केलंय. आपण उत्तर गोलार्धात राहतो, सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून सावली उत्तरेला. डिसेंबरात शाळेच्या मैदानावर आम्ही मोजली होती.

ओंकार: डिसेंबरचं जूनला कसं चालेल, ताई?

सायली: आधी तुझं बघू. २१ जूनला पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर. मग नागपूरला?

ओंकार: नागपूरलाही. आमच्याकडं तर जास्तच तापतं.

सायली: तापण्याचं सोड. दोन्ही गावं एकाच अक्षवृत्तावर आहेत का?

ओंकार: (नकाशा बघत) नाही. पुणं साडेअठरा अंशांवर, नागपूर एकवीसच्या जरा वर.

सायली: सूर्याचे किरण पृथ्वीवर येतात ते एकमेकांना समांतर. आता इथे एक काठी आणि नागपूरला एक काठी, दोन्ही ताठ उभ्या. त्या एकमेकींना समांतर असतील?

ओंकार: नाही. पृथ्वी गोल आहे. दोन्ही काठ्या पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेल्या राहणार. म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत एकमेकींपासून अडीच अंशांनी तिरप्या.

सायली: मग एकाच दिवशी दोघींची सावली नाहीशी होईल?

ओंकार: ...एकीचीच होईल. बरं, पुण्याची झाली असं धर.

सायली: कर्कवृत्त कुठल्या राज्यांतून जातं? पाठ आहे ना तुझं?

ओंकार: गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम.

सायली: महाराष्ट्र राहिला का?

ओंकार: नाही, त्यात महाराष्ट्र नाहीच. (जरा वेळाने) म्हणजे २१ जूनला सूर्य पुण्यातही डोक्यावर नाही आणि नागपुरातही नाही. (क) गेला. पण मग तुझं (अ)सुद्धा जातं.

सायली: ते काय म्हणून?

ओंकार: कर्कवृत्त पुण्याच्या कुठल्या बाजूला आहे?

सायली: उत्तरेला. साडेतेवीस वजा साडेअठरा, पाच अंश. साडेपाचशे किलोमीटर.

ओंकार: त्या दिवशी तिथल्या माणसाच्या डोक्यावर जो सूर्य आहे, तो आपल्याला कुठं दिसणार?

सायली: डोक्यापासून पाच अंश... उत्तरेला. अरे! मग सावली दक्षिणेला. (ब)!

ओंकार: आणि मी तर (ब) वाचलाही नव्हता नीट.

सायली: थांब. मग डिसेंबरात आम्ही मोजली ती सावली चुकीची होती का?

ओंकार: चुकीची काहून असेल? तेव्हा सूर्य मकरवृत्ताकडं होता, तुमच्या दक्षिणेला. सावली उत्तरेलाच पडणार.

सायली: म्हणजे डिसेंबर ते जून या काळात कधीतरी सूर्य पुण्याला ओलांडून उत्तरेला जातो. ओलांडताना एक दिवस बरोबर डोक्यावर. तुझी बिनसावलीची दुपार ती!

ओंकार: आणि परत येताना अजून एकदा. पण आज २८ मे. पुण्याचा पहिला दिवस होऊन गेला की यायचा आहे?

सायली: गेला असेल तर आजच सावली दक्षिणेला पडेल. बाबांचा ओळंबा घे आणि चल गच्चीवर.

संवाद इथेच थांबवा. "आपण दोघंही चुकलो होतो" असं कुणाच्याही तोंडी घालू नका, वाचणाऱ्याला ते कळतंच.

आता हा वाद तर्काने मिटल्यासारखा का वाटतो ते सांगतो. ओंकारचा पर्याय सायली पाडते आणि सायलीचा ओंकार. कुणीही स्वतःची चूक स्वतःहून शोधत नाही, आणि खऱ्या भांडणातही तसंच असतं. शिवाय कुणी बाहेरून नवी माहिती आणत नाही. दोन गावांचे अक्षांश नकाशावर आहेत, कर्कवृत्ताची राज्यं पाठ आहेत आणि समांतर किरण वर्गात शिकवून झाले आहेत. संवादात मोठ्या माणसाला आणून उत्तर सांगायला लावलं की तो वाद राहत नाही, तो पाठ होतो.

सायलीच्या पहिल्या वाक्याकडेही लक्ष द्या. "उत्तर गोलार्धात सावली उत्तरेला" हा नियम तिने कुठून ऐकून म्हटलेला नाही, तिने स्वतः मोजलं आहे. मोजमाप बरोबर आहे, पण ते डिसेंबरचं आहे. दिल्लीच्या मुलीने हेच म्हटलं असतं तर ते वर्षभर खरं ठरलं असतं. दिल्ली साडेअठ्ठावीस अंशांच्या पुढे, म्हणजे कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही आणि दुपारची सावली नेहमी उत्तरेलाच पडते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्याला मात्र तो नियम वर्षातले काही आठवडे सोडून वापरावा लागतो. (अ) निवडणाऱ्या मुलाला "चूक" म्हणून सोडू नका, त्याचं उत्तर ज्या महिन्यांत खरं आहे ते महिने त्याला सांगा.

वर्गात मुलं अडखळतात ती "तिथल्या माणसाच्या डोक्यावरचा सूर्य आपल्याला उत्तरेला दिसणार" या पायरीवर. संवादात मी ती एका ओळीत टाकली आहे, पण संवादाखाली एक आकृती नक्की द्या. समजावताना रस्त्यावरच्या दिव्याचं उदाहरण देण्याचा मोह होतो: दिवा तिकडे आहे, म्हणून माझी सावली इकडे. दिशा त्याने बरोबर येते, पण कारण चुकीचं बसतं. दिवा जवळ असतो आणि जमीन सपाट असते. सूर्याच्या बाबतीत किरण समांतर आहेत, फरक पडतो तो जमीन वळलेली असल्यामुळे. त्यापेक्षा एक संत्रं घ्या आणि देठापासून खालपर्यंत जाणाऱ्या एकाच उभ्या रेषेत दोन टाचण्या सरळ टोचा. संत्रं उन्हात धरून वरच्या टाचणीची सावली नाहीशी होईपर्यंत फिरवा. खालच्या टाचणीची सावली वरच्या टाचणीपासून दूर, खालच्या बाजूला पडलेली दिसेल. ही सावली एकदा डोळ्यांनी पाहिली की पायरी पक्की होते.

(क) इतका भुलवतो याचं एक कारण आकड्यात आहे. पुण्याचा अक्षांश १८.५ आणि २१ जूनला सूर्याची क्रांती, म्हणजे तो ज्या अक्षवृत्तावर डोक्यावर असतो तो अंश, २३.४. फरक ४.९ अंशांचा. एवढ्या कलाला एक मीटर उंच काठीची सावली साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास भरते. नागपुरात फरक सव्वादोन अंशांचा, म्हणजे सावली चारच सेंटीमीटर. उभ्या माणसाची एवढी सावली त्याच्या पायांखालीच झाकली जाते, म्हणून लोक म्हणतात की जूनमध्ये दुपारी सावली पडतच नाही. दुसरं कारण ढग. २१ जूनला पुण्यात ऊन मिळेलच असं नाही, त्यामुळे ही गोष्ट स्वतः पडताळून पाहिलेले फार थोडे. तिसरं कारण, वर्षातला सर्वांत मोठा दिवस आणि सूर्य डोक्यावर येण्याचा दिवस या दोन गोष्टी मनात एक होऊन जातात. पुण्यातही सर्वांत मोठा दिवस २१ जूनलाच असतो, साधारण सव्वातेरा तासांचा. सूर्य डोक्यावर येण्याचे दिवस मात्र १३-१४ मे आणि २९-३० जुलैच्या आसपास येतात. नागपुरात ते २६ मे आणि १७ जुलैच्या सुमाराला. मुंबईत पहिला दिवस १५ मेच्या जवळपास असतो आणि गोव्यात त्याच्याही आधी, मेच्या पहिल्या आठवड्यात. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा हा दिवसही दक्षिणेकडच्या गावापासून उत्तरेकडच्या गावाकडे जातो.

प्रश्नातले "स्थानिक मध्यान्ही" हे दोन शब्द काढू नका. सोपं करायला म्हणून "दुपारी १२ वाजता" असं कधीही लिहू नका. मी एकदा लिहिलं होतं आणि आठवीतल्या एका मुलीने माझं उत्तर चूक ठरवलं. तिचं बरोबर होतं. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे चालतं आणि पुणे ७३.९ वर आहे. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं धरली की ८.६ अंशांना साधारण ३४ मिनिटं होतात. त्यात सूर्याच्या स्वतःच्या चालीमुळे जवळजवळ दोन मिनिटांची भर पडते. त्यामुळे २१ जूनला पुण्याचा खरा मध्यान्ह १२ वाजून ३६ मिनिटांनी होतो. घड्याळात १२ वाजलेले असताना सूर्य अजून पूर्वेकडे नऊ अंश बाकी असतो. त्या वेळी एक मीटर काठीची सावली पश्चिमेकडे साडेचौदा सेंटीमीटर आणि दक्षिणेकडे नऊ सेंटीमीटर सरकलेली असते. म्हणजे ती नैर्ऋत्येला पडते, आणि दक्षिणेपेक्षा पश्चिमेला जास्त. चारही पर्याय चुकतात. मी तो प्रश्न रद्द केला आणि त्या फेरीचे गुण सगळ्यांना दिले.

भावंडं गच्चीवर जातात तिथे नेमकं काय दिसतं, तेही तुम्हाला माहीत असायला हवं, कारण मुलं ते करून बघणारच. पुण्यात २८ मेला सूर्याची क्रांती साडेएकवीस अंशांच्या घरात असते, म्हणजे सूर्य डोक्यापासून तीन अंश उत्तरेला. एक मीटर उंचीला सावली पाच सेंटीमीटर. एवढ्या लहान सावलीवर काठी वापरू नका. काठी एका अंशाने कलली तरी पावणेदोन सेंटीमीटरची चूक येते आणि तीन अंशांनी कलली तर उत्तर पुसूनच जातं. म्हणून मी सायलीच्या हातात ओळंबा दिला. गवंड्याचा ओळंबा एखाद्या दांडीला टांगायचा, दोरीवर लंबकाच्या टोकापासून एक मीटर उंचीवर एक मणी ओवून गाठ मारायची. टोकाच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करायची आणि मण्याची सावली त्या खुणेपासून मोजायची. वारा असेल तर लंबक हलायचा थांबेपर्यंत वाट बघायची. सावलीची कड थोडी पुसट दिसेल. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं आहे, त्यामुळे एक मीटरवरून पडणारी सावली जवळजवळ एक सेंटीमीटरने धूसर होते. मणी बोराएवढा घेतला तर मधला गडद ठिपका ओळखता येतो.

सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या जागी खडूने ठिपका काढायचा, पाऊण वाजून पाच मिनिटांपर्यंत. खुणेपासून सर्वांत जवळचा ठिपका १२ वाजून ३२ मिनिटांच्या सुमारास येतो आणि तो दक्षिणेला असतो. पण मुलांना मी लांबीपेक्षा दुसरीच गोष्ट बघायला सांगतो. हिवाळ्यात सावली सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला आणि मग पूर्वेला, अशी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. २८ मेला भर दुपारी पुण्यात ती पश्चिमेकडून दक्षिणेवरून पूर्वेला जाते, म्हणजे काट्यांच्या उलट. ही उलट फिरण सेंटीमीटर न मोजताही दिसते, आणि दिशा ओळखण्यात थोडी गडबड झाली तरी ती चुकत नाही. सायली आणि ओंकारने फक्त ठिपक्यांचा क्रम पाहिला तरी त्यांना (ब) हातात मिळतो, तोही २१ जूनच्या ढगांची वाट न बघता.

तुमची शाळा पुण्याबाहेर असेल तर प्रश्नात गाव बदला आणि अक्षांशांची वजाबाकी पुन्हा करा. कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पणजी, कुठलंही गाव घेतलं तरी उत्तर (ब)च राहतं, कारण महाराष्ट्र आणि गोवा संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. इंदूर, उज्जैन किंवा भोपाळ मात्र घेऊ नका. ती कर्कवृत्ताच्या इतकी जवळ आहेत की २१ जूनला तिथली एक मीटर काठीची सावली दीड सेंटीमीटरच्या आतच राहते, आणि धूसर कडेमुळे ती आहे की नाही यावरूनच नवा वाद सुरू होतो. आणि ओंकारला घरी गेल्यावर स्वतःचा बिनसावलीचा दिवस बघायचा असेल, तर २८ मेला नागपूरचा पहिला दिवस नुकताच होऊन गेलेला आहे. त्याला २५ मेच्या आधी घरी पोहोचवायचं की जुलैमधल्या पावसाळी दिवसाची वाट बघायला लावायची, हे तुम्ही ठरवा. मी असतो तर संवादाची तारीख २१ मे केली असती. त्या दिवशी पुण्यातली सावली दक्षिणेला तीनच सेंटीमीटरची असते, ओळंबा नीट लावला तर ती दिसते, आणि ओंकारला नागपूर गाठायला चार दिवस हातात राहतात.